ओट्याखालचा कप्पा आणि न निघणारा रेग्युलेटर: कामाच्या नोंदी

४ जून

ओट्याखालच्या सिलिंडरच्या कप्प्याचं काम हातात घेतलं. कप्पा तीन बाजूंनी बंद आहे आणि समोरचा दरवाजा पार जमिनीपर्यंत येतो. फट म्हणून काही नाहीच. दरवाजाच्या तळाशी हवेसाठी खाचा पाडायच्या, आतला विजेचा प्लग काढून बाहेर वर न्यायचा आणि जुनी गॅसची नळी बदलायची, एवढंच काम आहे. त्यासाठी सिलिंडर बाहेर काढावा लागेल आणि त्याआधी रेग्युलेटर उतरवावा लागेल.

खाचा तळाशीच का, ते आधी नोंदवून ठेवते, कारण सुतारानं "वर जाळी लावू का?" असं विचारलं होतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जवळजवळ दीडपट ते दुप्पट. गळाला तर तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि तळाशी साचतो. वरच्या जाळीतून तो बाहेर पडणार नाही. वर जाळी असायला हरकत नाही, पण तिचं काम ताजी हवा आत घेण्याचं. गॅसची वाट खालीच हवी.

कप्पा मोजला: ६० सेंटीमीटर रुंद, ५५ खोल, ८० उंच. म्हणजे साधारण २६४ लिटर हवा. या गॅसचं हवेतलं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं की मिश्रण पेट घेऊ शकतं. २६४ लिटरचे २ टक्के म्हणजे सव्वापाच लिटर वायू. वजनात तो ११-१२ ग्रॅम भरेल. भरलेल्या सिलिंडरच्या मानानं हे काहीच नाही. त्यातही गॅस तळाशी साचत असल्यानं खालच्या वीतभर उंचीत धोक्याची पातळी याच्याही आधी गाठली जाते. आणि आपला प्लग नेमका त्या वीतभरातच आहे. हा हिशेब मांडल्यावर प्लगचं काम खाचांच्याही आधी करायचं ठरवलं.

५ जून

वायरमननं येऊन प्लग कप्प्याबाहेर वर बसवला. बाकी काही नाही.

६ जून, सकाळ

रेग्युलेटर काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही. काय केलं ते क्रमानं लिहिते.

आधी जमिनीजवळ वाकून वास घेतला. उभ्यानं वास घेण्यात अर्थ नाही, कारण गॅस तिथे नसतो. वास नव्हता. मग खिडकी आणि मागचं दार दोन्ही उघडलं, म्हणजे हवा एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं जाईल. देवघरातला दिवा शांत केला. पंखा आणि फ्रिज बंद केले. हे सगळं वास नसतानाच उरकून घ्यायचं असतं. एकदा वास यायला लागला की कोणतंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. फ्रिज तर आपण हात न लावताही मधूनमधून आपला आपण चालू-बंद होत असतो, म्हणून तो आधीच बंद केलेला बरा. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवला.

त्यानंतर ज्योतीची परीक्षा. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक बर्नर मोठा पेटवला आणि शेगडीचं बटण तसंच ठेवून फक्त रेग्युलेटर बंद केला. ज्योत लगेच विझत नाही. ती आधी पिवळट होते, मग बुटकी होत होत भोवती फिरते आणि विझते. आज मोजून ७ सेकंद लागले. नळीत आणि रेग्युलेटरमध्ये उरलेला गॅस जळून जायला हा वेळ लागतो. यातून दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे नळीतला दाब जातो. दुसरी गोष्ट मोठी: सिलिंडरच्या तोंडातली पिन खरोखर बंद झाली आहे याचा हा पुरावा असतो. त्या पिनेखाली स्प्रिंग असते. रेग्युलेटर चालू केला की त्याच्या पोटातला दांडा खाली येऊन पिन दाबतो आणि गॅस सुटतो. बंद केला की दांडा वर जातो आणि स्प्रिंग पिनेला वर ढकलून तोंड बंद करते. रेग्युलेटर बंद करूनही बारीक ज्योत तेवत राहिली, तर पिन नीट बसलेली नाही. अशा वेळी रेग्युलेटर उतरवायचाच नाही, कारण मग गॅसला अडवणारं दुसरं काही उरत नाही.

ज्योत विझल्यावर शेगडीचं बटण बंद केलं आणि दहा मिनिटं थांबले. पुन्हा खाली वाकून वास पाहिला, लायटर पेटता धरला आणि बर्नरचं बटण उघडलं. काहीच पेटलं नाही. पिन झिरपत असती तर दहा मिनिटांत नळीत थोडा गॅस भरला असता आणि भप् करून ज्योत दिसली असती. बटण बंद केलं आणि लायटर बाहेर ठेवून आले.

मग रेग्युलेटरला हात घातला. आमचा रेग्युलेटर खालची काळी कडी वर ओढून काढायचा आहे. कडी अर्ध्यावर येऊन अडकली. बटण खरंच पूर्ण बंद आहे ना, ते पुन्हा पाहिलं. चालू स्थितीत ही कडी मुद्दामच उचलता येत नाही, त्यामुळे बटण थोडं जरी अलीकडे राहिलं तरी कडी अडते. पण बटण खुणेवर बरोबर होतं. पुन्हा दोन्ही हातांनी कडी धरली, तरी तेच.

तिथे थांबले. आई म्हणाली, "अगं, पक्कड देऊ का?" तिला नाही म्हटलं. पक्कड लावली असती तर कडी वर आली असती, पण ती कशामुळे अडली होती ते कळलं नसतं. कडीच्या आत लोखंडी गोळ्या असतात आणि त्या सिलिंडरच्या मानेवरच्या खाचेत बसतात. कडी जोरानं उपटली तर गोळ्यांची जागा बिघडते, आणि असा रेग्युलेटर पुन्हा बसवला की बसल्यासारखा दिसतो, पण धरून राहत नाही. वरून ठोकणं, तेल-ग्रीस सोडणं, गरम पाणी ओतणं हेही त्यातलंच. तेलानं आतलं रबर खराब होतं आणि मळ जास्त चिकटतो. सिलिंडरला उष्णता द्यायची तर मुळीच नसते.

६ जून, दुपार

निघाला नाही तर नाही, निदान स्वयंपाक तरी करू, म्हणून कडी खाली दाबून घेतली. ती खाली बसली. पण अर्धवट हललेला जोड न तपासता वापरायचा नाही, एवढं डोक्यात होतं.

अर्धी वाटी पाण्यात चमचाभर भांडी घासायचा द्रव साबण हलक्या हातानं ढवळला, फेस होऊ न देता. जुना रंगाचा ब्रश घेतला. आधी रेग्युलेटर बंद ठेवून कडीच्या खाली, मानेभोवती साबण लावला आणि दोन मिनिटं पाहिलं. काही नाही. मग रेग्युलेटर चालू केला. शेगडीची बटणं बंदच होती. साबण पुन्हा लावला. दहा-बारा सेकंदांत भिंतीकडच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा दिसला. तो वाटाण्याएवढा झाला, फुटला आणि त्याच जागी दुसरा उगवला. आवाज नव्हता. वासही नव्हता, निदान मला तरी येत नव्हता. सकाळपासून तिथे वाकून वाकून नाक सरावलं असणार. आईला बोलावलं तेव्हा तिला दारातूनच हलका वास जाणवला.

रेग्युलेटर लगेच बंद केला. साबण पुसून नवा लावला, दोन मिनिटं पाहिलं. बुडबुडे पूर्ण थांबले होते.

बंद असताना बुडबुडा नाही आणि चालू केल्यावर येतो, याचा अर्थ पिन चांगली आहे. दोष तिच्या वरच्या रबरी वायसरमध्ये आहे. वायसर सिलिंडरच्या तोंडात बसलेला असतो आणि रेग्युलेटरची नळी त्याच्यात घुसते. गॅस तिथपर्यंत पोचतो तो फक्त रेग्युलेटर चालू असताना. म्हणून बंद स्थितीत कितीही साबण लावला तरी वायसरचा दोष दिसणार नाही. उलटंही तसंच आहे. रेग्युलेटर चालू ठेवून जोड कोरडा मिळाला, म्हणजे बुडबुडे आले नाहीत, म्हणून पिन चांगली असं म्हणता येत नाही, कारण त्या वेळी पिन उघडीच असते. एका साबणाच्या वाटीत दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि आपण बहुतेक वेळा त्यातली एकच करून हात धुतो.

गॅस वापरणं बंद. बाहेर जाऊन वितरकाकडे फोन केला. उद्या सकाळी मेकॅनिक येणार. रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरच ठेवला आहे, कारण या स्थितीत पिन तोंड धरून आहे आणि हे आत्ताच पाहिलं आहे. कप्प्याचा दरवाजा काढून ठेवला, खिडकी रात्रभर उघडी. झोपण्याआधी बंद स्थितीत पुन्हा एकदा साबण लावून पाहिला. कोरडा.

७ जून

मेकॅनिक साडेनऊला आले. त्यांनी आधी रेग्युलेटरला हात लावलाच नाही. कप्प्यासमोर बसून थोडा वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, नळीनं ओढलंय याला."

मला काल हे दिसलं नव्हतं. जुनी नळी ताठ झाली आहे. कप्प्याच्या भोकातून वर जाताना ती एका बाजूला ताणलेली होती आणि रेग्युलेटर तिच्याबरोबर केसभर कलला होता. त्यामुळे एका बाजूच्या गोळ्या खाचेत दाबून धरल्या गेल्या आणि कडी तिरकी होऊन अर्ध्यावर अडली. त्यांनी मला नळी हातानं उचलून सैल धरायला सांगितलं. रेग्युलेटर सरळ झाल्याचं डोळ्यांनी दिसलं. कडीखालचा मळ त्यांनी कोरड्या फडक्याच्या टोकानं फिरवून काढला. तो काळा आणि चिकट होता, तळणाच्या वाफेचा असावा. मग कडी उचलली आणि ती पूर्ण वर आली.

तरी रेग्युलेटर निघेना! इथे मला कळलं की काल मी ज्याला नुसतं "घट्ट" म्हणत होते, ते एकावर एक बसलेले दोन वेगळे घट्टपणे होते. कडी अडली होती तिरकेपणानं आणि मळानं. आता कडी मोकळी होती, पण अंग अडलं होतं, कारण आत वायसरनं रेग्युलेटरची नळी धरून ठेवली होती. गॅसमध्ये राहून रबर काळानं फुगतं किंवा कडक होतं आणि पितळेला चिकटून बसतं. तिसराही एक प्रकार असतो, बटणच पूर्ण बंद खुणेपर्यंत न जाणं. तो आमच्याकडे नव्हता. तो असेल तर रेग्युलेटर काढायचा प्रयत्नच करायचा नाही, कारण आतला दांडा पिनेवर टेकलेला असू शकतो.

अंग सोडवायची त्यांची रीत साधी होती. एका हातानं कडी वर धरलेली. दुसऱ्या हातानं रेग्युलेटर घड्याळाच्या काट्यासारखा थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे, बोटाच्या रुंदीएवढाच, आणि त्याबरोबर सरळ वर हलकी ओढ. हिसका नाही आणि बाजूला कलवणंही नाही. कलवलं तर रेग्युलेटरच्या नळीचं टोक वायसरला कापतं. स्वतःचा चेहरा त्यांनी सिलिंडरच्या वर आणला नव्हता, ते बाजूला सरकून बसले होते. चार-पाच वेळा असं फिरवल्यावर "टप्" असा आवाज झाला आणि रेग्युलेटर हातात आला. त्याबरोबर क्षणभर फस्स झालं आणि थांबलं. मी दचकले. ते म्हणाले, "मधल्या जागेत अडकलेला होता तेवढाच. थांबला ना, मग काळजी नाही. चालूच राहिला असता तर लगेच टोपी लावली असती." सिलिंडरची प्लास्टिकची टोपी त्यांनी सुरुवातीपासून डाव्या मांडीवर तयार ठेवली होती. ही गोष्ट मी काल केली नव्हती. माझी टोपी कप्प्याच्या मागे दोरीला लोंबत होती आणि गरज पडली असती तर ती शोधण्यात वेळ गेला असता.

आता उघड्या तोंडाची परीक्षा. त्यांनी तोंडात साबणाच्या पाण्याचे थेंब सोडले, पिन बुडेल एवढे. मग आम्ही दोघं पाहत राहिलो. पाण्यावरचा पडदा सपाटच राहिला. पिन झिरपत असती तर तो मध्येच घुमटासारखा वर आला असता. मिनिटभरानं पाणी फडक्यानं टिपून घेतलं.

वायसर त्यांनी आकड्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवला. नवा वायसर बाजूला धरला तेव्हा फरक दिसला. नवा गोल आणि मऊ, दाबला की परत फुगणारा. जुना एका बाजूनं चपटा झालेला, आणि त्या चपट्या भागावर नखानं ओढल्यासारखी एक चीर. चपटी बाजू नळीच्या ओढीच्या विरुद्ध बाजूला, भिंतीकडे होती, आणि काल बुडबुडे तिथेच आले होते. रेग्युलेटरच्या नळीवर रबराचा काळा थर चिकटला होता, तो कोरड्या फडक्यानं पुसला. नवा वायसर बसवला. हे मी स्वतः करणार नाही. जागा खोल आहे, आकडा पिनेला लागू शकतो, आणि योग्य मापाचा वायसर त्यांच्याकडेच असतो.

टोपी घट्ट लावून, सिलिंडर उभाच ठेवून मागच्या उघड्या गच्चीत नेला. आडवा करायचा नाही, कारण आडव्या सिलिंडरच्या तोंडाशी वायूऐवजी द्रव येतो, आणि द्रवाचा वायू झाला की तो सुमारे अडीचशे पट पसरतो.

८ ते १० जून

सुताराचं काम. दरवाजाच्या तळाशी २५ सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर उंच अशा दोन खाचा, अगदी जमिनीला लागून. वर एक जाळी. नळीचं भोक जागा बदलून रेग्युलेटरच्या तोंडासमोर आणलं आणि त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, म्हणजे नळी ओढली किंवा कापली जाणार नाही.

११ जून

सिलिंडर परत जागेवर. नवी नळी सैल बाक देऊन लावली. रेग्युलेटर सोडून दिला तरी तो आपणहून सरळ उभा राहतो की नाही, हे आधी पाहिलं. मग तोंडात डोकावून वायसर जागेवर आहे ना ते पाहिलं, कडी वर धरून रेग्युलेटर सरळ दाबला आणि कडी खाली सोडली. बंद स्थितीतच एकदा वर ओढून पाहिला. सुटला नाही.

चालू करून साबण: मानेभोवती, नळीच्या दोन्ही टोकांना, शेगडीच्या मागे. शेगडीकडच्या टोकाला बुडबुडे दिसले आणि छातीत धस्स झालं. पण ते वाढत नव्हते, होते तेवढेच राहून विरत होते. पुसून, फेस निथळलेल्या ब्रशनं पुन्हा लावला. काही नाही. ब्रशचाच फेस होता. गळतीचा बुडबुडा एकाच जागी पुन्हा पुन्हा उगवतो आणि मोठा होतो.

रेग्युलेटर बंद करून दुसरी परीक्षा केली. ज्योत ५ सेकंदांत विझली. दहा मिनिटांनी काही पेटलं नाही.

१८ जून

आठवड्यानं पुन्हा तपासलं. दोन्ही स्थितींत कोरडा. ज्योत विझवून, टोपी मांडीवर घेऊन कडी उचलून पाहिली. दोन बोटांनी पूर्ण वर आली. आईला उचलून बघायला सांगितलं, तिनंही उचलली. रेग्युलेटर न काढता कडी खाली केली आणि मानेभोवती पुन्हा साबण लावला.